मराठीतला कागद: सवलत की हक्क?

प्रश्न: "आम्ही कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. सरकारी नोटिसा कन्नडमध्ये येतात, आईवडिलांना वाचता येत नाहीत. मराठीत मागितल्या की बेंगळूरूतला माझा मित्र म्हणतो, 'लोकशाहीत सगळ्यांना एकच नियम. तुम्हालाच वेगळा हक्क कशाला?' बहुसंस्कृतीवादाची बाजू घेणारे याला काय उत्तर देतात? आणि त्यांच्यावर होणारी टीका कितपत खरी आहे?"

मी बेळगावात वकिली करते. माझ्याकडे येणारी बरीचशी कामे जमिनीची आणि शाळांची असतात, आणि दोन्हींत भाषेचा प्रश्न हमखास निघतो. तुमच्या मित्राचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. फक्त त्यात दोन वाद एकमेकांत गुंतले आहेत. सरकारने एखाद्या समूहाला समूह म्हणून काही द्यावे का, हा एक; बहुसंस्कृतीवाद याला 'द्यावे' असे उत्तर देतो. द्यायचे ठरले तर तो समूह कोणता आणि तो कुठे मोजायचा, हा दुसरा. पहिल्याला बऱ्यापैकी भक्कम उत्तर आहे. आपल्याकडची प्रकरणे अडतात ती दुसऱ्यावर.

सीमावाद मी इथे मुद्दाम बाजूला ठेवते. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल काहीही लागो, सीमा कुठेही आखली तरी काही मराठी माणसे कर्नाटकात आणि काही कन्नड माणसे महाराष्ट्रात राहणारच. त्यांच्या भाषेचे काय, हा प्रश्न निकालानंतरही उरतो. 'मराठीत नोटीस द्या' म्हणणे म्हणजे 'आम्हाला महाराष्ट्रात घाला' म्हणणे नव्हे. या दोन मागण्या एकाच अर्जात लिहिल्या की पहिली मागणीही राजकीय ठरते आणि अधिकारी ती हातात घेत नाही.

आता पहिला वाद. विल किमलिका या कॅनेडियन तत्त्वज्ञाने 1990च्या दशकात मांडलेला युक्तिवाद मला सगळ्यात नेमका वाटतो. सरकार धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू शकते. कुठलाही धर्म न स्वीकारता ते कारभार करू शकते. भाषेच्या बाबतीत ही सोय नाही. नोटीस कुठल्यातरी भाषेत छापावीच लागते, शिक्षकाला कुठल्यातरी भाषेत शिकवावेच लागते. त्यामुळे 'सगळ्यांना एकच भाषा' हा नियम वरून समान दिसला तरी त्यात एका समूहाला घरची भाषा फुकट मिळते आणि दुसऱ्याला तीच सेवा मिळवायला दुभाषी, वेळ आणि पैसा खर्चावा लागतो. तुमच्या आईवडिलांना वेगळे काही मिळत नाही. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याला जे न मागता मिळते, तेच त्यांना मागून घ्यावे लागते.

यावर मित्र विचारेल, मग बेंगळूरूत राहणाऱ्या तमिळ, ओडिया, बिहारी अशा सगळ्यांनाच त्यांच्या भाषेत नोटिसा द्यायच्या का? इथे किमलिका एक फरक करतो. कामासाठी स्वतःहून दुसरीकडे गेलेल्या माणसाने तिथली भाषा शिकावी, ही अपेक्षा न्याय्य आहे. पण जे आपल्या गावातून हललेच नाहीत, ज्यांच्या डोक्यावरून सीमा सरकली, त्यांनी ती निवड केलेली नसते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्याचा बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला. एका रात्रीत चंदगडचा मराठी शेतकरी बहुसंख्याकांत राहिला आणि खानापूरचा अल्पसंख्याक झाला. दोघेही आपापल्या शेतातच होते.

हा फरक अगदी स्वच्छ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बेंगळूरूत शहाजीराजांच्या काळापासून राहिलेली मराठी घराणी आहेत. त्यांना स्थलांतरित म्हणायचे की स्थानिक? बेळगाव शहरातही गेल्या पन्नास वर्षांत नोकरीनिमित्त आलेली कन्नड आणि मराठी अशी दोन्ही कुटुंबे आहेत. प्रत्यक्षात हे दोन कप्पे नसून एक चढउतार आहे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत हक्काची बाजू सगळ्यात बळकट आहे, शहरातल्या नव्या वसाहतीत ती सौम्य होते.

आता कायद्यात काय आहे ते पाहू, कारण लोक एक तर फार जास्त गृहीत धरतात किंवा काहीच नाही असे समजतात. घटनेच्या कलम 350 प्रमाणे कोणीही आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे मांडू शकतो. मराठीतला अर्ज भाषेमुळे नाकारता येत नाही. पण उत्तर मराठीतच मिळेल, असे हे कलम म्हणत नाही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने 350-अ आले. प्राथमिक टप्प्यावर अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी पुरवण्याचा प्रयत्न करा, असे ते राज्याला सांगते. 350-ब ने भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आला. हे आयुक्त चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेपुढे ठेवला जातो. राज्य सरकारला आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही.

उरले आकडे. ते घटनेत नाहीत. 1949 ची शिक्षणमंत्र्यांची परिषद, 1956 चे केंद्राचे निवेदन आणि 1961 ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून ते आले. शाळेत त्या भाषेची 40 मुले किंवा वर्गात 10 मुले असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका अशा क्षेत्रात एखादी अल्पसंख्याक भाषा 15 टक्क्यांहून अधिक लोकांची असली तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. ही सरकारांनी परस्परांना दिलेली वचने आहेत. तेवढ्यावर न्यायालयात जाऊन हुकूम मिळेल असे मी कुठल्याही अशिलाला सांगत नाही. आधाराला मात्र ती उपयोगी पडतात.

एका प्रकरणात हे सगळे कसे वापरले ते सांगते. गावाजवळच्या एका कामासाठी 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली. पंचायतीच्या फलकावर लागलेला कागद फक्त कन्नडमध्ये होता. मोजणीला माणसे आली तेव्हा गावाला कळले, तोवर हरकतीच्या 60 दिवसांतले बरेच दिवस संपले होते. लोक माझ्याकडे आले ते '15 टक्के' आणि 'घटनेने दिलेली भाषा' असे म्हणत. मी ते शेवटी ठेवले आणि आधी त्याच कायद्याचे कलम 11 उघडले. ते दोन पातळ्या वेगळ्या करते. वर्तमानपत्रांपैकी एक प्रादेशिक भाषेतले हवे, आणि पंचायतीत व तहसील कार्यालयात अधिसूचना स्थानिक भाषेत हवी. प्रादेशिक भाषा कन्नड, यावर आमचा वादच नव्हता. पण त्या गावाची स्थानिक भाषा मराठी आहे, हे दाखवता येण्यासारखे होते. जनगणनेचा मातृभाषेचा तक्ता तालुक्यापर्यंत मिळतो. त्याला आम्ही गावच्या शाळेच्या माध्यमाची नोंद आणि जुने ग्रामसभेचे ठराव जोडले.

मग प्रत्येक शेतकऱ्याची हरकत कलम 350 चा उल्लेख करून मराठीत लिहिली, सोबत अर्ध्या पानाचा कन्नड सारांश जोडला आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घेतला. सारांश जोडणे म्हणजे माघार, असे काही तरुणांना वाटले. मला तसे वाटत नाही. ज्याने निर्णय घ्यायचा त्या अधिकाऱ्याला मराठी येत नसेल, तर त्याला समजेल असे लिहिणे हे आपल्याच हिताचे आहे. हरकती दाखल झाल्या, सुनावणी झाली, आणि सुनावणीत मराठीतून बोलू दिले गेले. लेखी उत्तर कन्नडमध्येच आले, आणि त्यावर आमच्याकडे कायद्याचा आधार नव्हता. सर्वांत जास्त टिकला तो एका साध्या कायद्यातला छोटा तपशील, कारण तो मोडला तर सरकारचीच प्रक्रिया धोक्यात येते.

आता मोजायचे कुठे, याकडे वळते, कारण माझ्या मते खरा अन्याय इथे होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी 2002 साली टी. एम. ए. पै प्रकरणात ठरवले की भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्याच्या पातळीवर पाहायचे. शाळा चालवण्याच्या हक्कासाठी हे आपल्या फायद्याचे आहे. खानापुरात मराठी बहुसंख्य असली तरी कर्नाटकात ती अल्पसंख्याक ठरते आणि संरक्षण मिळते. पण कलम 347 खाली राज्याच्या एखाद्या भागात भाषेला मान्यता मागायची असेल, तर मागणी राज्याच्या लोकसंख्येतल्या मोठ्या हिश्श्याची असावी लागते. तिथे खानापूर, बेळगाव, निपाणी हे सगळे मिळूनही लहान पडतात. आणि जिल्ह्यात 60 टक्के लोकांची असलेली अल्पसंख्याक भाषा तिथे अधिकृत भाषा मानावी, हा निकष लावला तर आजच्या बेळगाव जिल्ह्यात कन्नड भाषक स्पष्ट बहुसंख्य असल्याने तोही लागू होत नाही. माणूस तोच, गाव तेच, पण मोजमापाची चौकट बदलली की त्याचा हक्क दिसतो किंवा नाहीसा होतो.

फिनलंडने यावर चांगला तोडगा काढला आहे. तिथे मोजणी नगरपालिकेच्या पातळीवर होते. अल्पसंख्याक भाषेचे 8 टक्के किंवा 3000 लोक असले की नगरपालिका द्विभाषिक ठरते. एकदा द्विभाषिक झाली की ते लोक 3000 च्या खाली आणि 6 टक्क्यांच्याही खाली गेल्याशिवाय दर्जा जात नाही. चढायची पायरी आणि उतरायची पायरी वेगळी ठेवल्यामुळे चार कुटुंबे शहरात गेली म्हणून लगेच सेवा बंद होत नाही. आपल्या 40 आणि 10 च्या नियमात हे नाही. लहान शाळेत पहिलीत दहा मुले होती ती नऊ झाली की शिक्षक मागायचा आधारच जातो, शिक्षक गेला की उरलेले पालक मुले इंग्रजी माध्यमात घालतात, आणि पुढच्या वर्षी 'मागणीच नाही' असा शेरा येतो.

टीकेबद्दल आता. तुमच्या मित्राचा मुद्दा ब्रायन बॅरी या ब्रिटिश विचारवंताने 2001 मध्ये फार धारदारपणे मांडला. त्याचे म्हणणे असे: नियम योग्य असेल तर तो सगळ्यांना लावा, अयोग्य असेल तर सगळ्यांसाठी रद्द करा, समूहागणिक अपवाद कशाला? पोशाख, सण, खाणे यांतल्या अपवादांबाबत या युक्तिवादात दम आहे. नोटिसांच्या बाबतीत तो लंगडा पडतो, कारण भाषेला 'कुठलीच नाही' हा पर्याय नसतो. पण एका जागी तो आपल्याला लागू होतो आणि तो मान्य करायला हवा. मुलांना कन्नड विषय शिकण्यातूनच सूट द्या, अशी मागणी सीमाभागात होते. मी त्या मागणीच्या विरोधात आहे. मराठीतून शिकणे हा हक्क आहे. राज्याची भाषा न शिकणे हा हक्क नाही, आणि त्याची किंमत सरकारी नोकरीच्या परीक्षेत त्या मुलालाच मोजावी लागते. महाराष्ट्रातल्या गुजराती आणि इतर अल्पसंख्याक शाळांनी मराठीच्या सक्तीला आव्हान दिले, तेव्हा 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती वैध ठरवली. तो निकाल मुंबईत आपल्याला पटत असेल, तर त्याचे तत्त्व बेळगावातही पटायला हवे.

मी स्वतःला नेहमी हीच कसोटी लावते. खानापूरसाठी जे मागते ते जत, अक्कलकोटच्या कन्नड माणसाला द्यायला मी तयार आहे का? तिथेही कन्नड शाळा आहेत आणि तिथल्याही पालकांच्या शिक्षक नसल्याच्या तक्रारी असतात. ज्या मागणीचे उत्तर 'इथे हो, तिथे नाही' असे येते, ती हक्काची मागणी नसते.

दुसरी टीका मला जास्त अस्वस्थ करते. सुसान ओकिन या अमेरिकन विचारवंत बाईंनी 1990च्या दशकातच विचारले की समूहाला हक्क दिल्यावर त्या समूहातल्या दुबळ्यांचे, विशेषतः बायकांचे, काय होते? आपल्याकडचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. 1985 साली शाहबानोला न्यायालयाने पोटगी दिली आणि समाजाच्या नावाने बोलणाऱ्यांच्या दबावामुळे 1986 च्या कायद्याने ती वाट अरुंद झाली. किमलिकाचे यावरचे उत्तर असे, की समूहाला बाहेरच्या बहुसंख्येपासून संरक्षण द्या, पण आतल्या माणसावर बंधन घालायची सत्ता देऊ नका.

भाषेच्या हक्कात हे ओझे धार्मिक कायद्यापेक्षा कमी असते, पण अजिबात नसते असे नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात घरात कोकणी बोलणारी कुटुंबे आहेत, त्यांना आपण सहज मराठीत मोजून टाकतो. तालुक्यात मराठी बहुसंख्य आहे म्हणताना तिथल्या कन्नड आणि उर्दू घरांचा विचार क्वचित होतो. एखाद्या मराठी बापाने मुलीला कन्नड माध्यमात घातले तर गावात त्याला ऐकवले जाते, आणि ऐकवणाऱ्यांपैकी कित्येकांची मुले इंग्रजी माध्यमात असतात. मराठी शाळेचा भार शेवटी ज्यांना खाजगी शाळा परवडत नाही त्यांच्यावर पडतो. म्हणून हक्क लिहिताना तो पालकाचा आणि नागरिकाचा लिहावा, संघटनेचा नाही. नोटीस मराठीत मागण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा, आणि ती कन्नडमध्ये घेण्याचाही.

याची दुसरी बाजूही आहे. कन्नड लोकांनाही आपली भाषा इंग्रजीखाली दबते आहे असे वाटते, आणि ती भीती खरी आहे. 1980च्या दशकातल्या गोकाक आंदोलनाने शाळेत कन्नडला पहिल्या भाषेचे स्थान मागितले. पुढे कर्नाटकाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून सक्तीचे केले, तेव्हा 2014 साली घटनापीठाने ते धोरण रद्द केले: मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि सरकार माध्यम लादू शकत नाही. व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने मला हा निकाल योग्य वाटतो. पण त्याने कन्नड आणि मराठी दोन्ही शाळांना गळती लागलेली थांबवण्याचे एक साधन गेले. समूहाची भाषा टिकवणे आणि माणसाला मोकळे ठेवणे या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकत्र साधत नाहीत, हे बहुसंस्कृतीवादाची बाजू घेणाऱ्यांनी उघडपणे बोलले पाहिजे.

तिसरी टीका म्हणजे असे हक्क माणसांना कप्प्यांत गोठवतात. जनगणना एकच मातृभाषा नोंदवते. बेळगावात आई कन्नड, बाप मराठी, बाजार दोन्हींत आणि शाळा इंग्रजीत अशी घरे कितीतरी आहेत. टक्क्यांवर हक्क ठरले की प्रत्येक नोंद ही मतमोजणी होते, आणि पाणी, रस्ते, उसाचा दर यांवर एकत्र यायला हवी होती ती माणसे पाटीच्या भाषेवर समोरासमोर उभी राहतात. या टीकेला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. उंबरठा खाली ठेवला आणि सेवा मागणाऱ्याला दिली, तर आकड्यांसाठीची ओढाताण कमी होते. संपत नाही.

तुमच्या आईवडिलांपुरते सांगायचे तर पुढची नोटीस आली की आधी ती कुठल्या कायद्याखाली आहे आणि मुदत किती आहे ते ओळखीच्या कन्नड वाचणाऱ्याकडून त्याच दिवशी समजून घ्या. मुदत भाषेसाठी थांबत नाही. मग ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे किंवा तहसीलदारांकडे मराठीत अर्ज द्या, कन्नड सारांश जोडा, त्या कायद्यात स्थानिक भाषेची तरतूद असेल तर ती आधी लिहा आणि 15 टक्क्यांचा आधार नंतर. पोच घ्या. अर्ज भाषेमुळे परत केला तर परत करण्याचे कारण लेखी मागा, आणि त्याची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांच्या कार्यालयाला पाठवा. ते हुकूम देऊ शकत नाहीत, पण त्यांच्याकडून विचारणा झाली आणि कार्यालयाने लेखी उत्तर दिले, तर ते उत्तर पुढे न्यायालयात आपल्याला वापरता येते.